कर्ब-नत्र १२, तरीही कच्चे: ४० टनांच्या एका कंपोस्ट लॉटची तपासणी

हे प्रकरण नमुन्यादाखल घेतले आहे. लॉट ४० टनांचा. माल भाजीपाल्याचा ओला कचरा, कोंबडी खत, लाकडाचा भुसा आणि थोडी रस्त्याची झाडलोट यांचा. लांबट ढीग लावून साठ दिवस कुजवलेला, मग ४ मि.मी. चाळणीतून काढलेला. रंग गडद तपकिरी, घाण वास नाही, हातात घेतले तर भुसभुशीत. ढिगाचे तापमान ४० अंशांच्या आसपास येऊन थांबले होते. पोती भरायला काढण्याआधी उत्पादकाने एक नमुना प्रयोगशाळेत पाठवला आणि अहवाल असा आला: ओलावा २४ टक्के, सेंद्रिय कर्ब २१.६ टक्के, नत्र १.७५ टक्के, कर्ब-नत्र गुणोत्तर १२.३, विद्युत वाहकता ३.२ डेसीसायमन प्रति मीटर, शिसे ७८ मि.ग्रॅ. प्रति किलो, सामू ८.१.

भारतात खत नियंत्रण आदेश, १९८५ मधले शहरी कंपोस्टचे निकष लावले तर यातले जवळपास सगळे बसते. ओलावा १५ ते २५ टक्के हवा, कर्ब किमान १२, नत्र किमान ०.८, गुणोत्तर २० पेक्षा कमी, वाहकता ४ पर्यंत, शिसे १०० पर्यंत. फक्त सामू ६.५ ते ७.५ मध्ये हवा, तो थोडा वर गेलेला. उत्पादकाला ती किरकोळ गोष्ट वाटली. प्रत्यक्षात अख्ख्या अहवालात खरे बोलणारा आकडा तोच होता.

ढीग थंड झाला की कोरडा पडला?

तापमान उतरले म्हणजे कंपोस्ट तयार झाले, असे सर्रास धरले जाते. पण ढीग दोन कारणांनी थंड होतो. एक, जिवाणूंना खायला सोपे अन्न संपते. दुसरे, अन्न शिल्लक असते पण पाणी संपते. ओलावा ३५ टक्क्यांच्या खाली गेला की जिवाणूंचे काम मंदावते आणि २५ टक्क्यांपर्यंत आला की जवळजवळ थांबते. या लॉटमध्ये चाळणी नीट चालावी म्हणून शेवटचे दोन आठवडे पाणी मारलेच नव्हते. ओल्या मालाने चाळणीची भोके बुजतात, म्हणून सगळेच असे करतात. त्यामुळे माल पिकण्याआधीच झोपी गेला.

गंमत अशी की विक्रीच्या निकषातला ओलावाही नेमका हाच आहे. म्हणजे कच्चे कंपोस्ट वाळवले की ते निकषात बसते, वास मारत नाही, गरम होत नाही आणि पिकलेल्या मालासारखेच दिसते. शेतात पहिले पाणी मिळाले की ते जागे होते. मुळांजवळचा प्राणवायू खाते, अमोनिया सोडते, आणि रोपे पिवळी पडली की दोष बियाण्याला लागतो.

म्हणून पक्वतेची कोणतीही चाचणी वाळक्या मालावर करायची नाही. आधी ओलावा ५० टक्क्यांवर आणायचा आणि एक-दोन दिवस पिशवीचे तोंड सैल ठेवून मुरू द्यायचा. हिशेब सोपा आहे. २४ टक्के ओलाव्याच्या ८०० ग्रॅम मालात कोरडा भाग ६०८ ग्रॅम असतो. ओलावा ५० टक्के हवा तर एकूण वजन त्याच्या दुप्पट, म्हणजे १,२१६ ग्रॅम व्हायला हवे. म्हणून ४१६ मि.ली. पाणी घालायचे. प्रयोगशाळेचा तराजू जवळ नसेल तर मूठ वळून पाहावी: गोळा व्हावा, बोटांच्या फटीत पाणी चमकावे, पण धार लागू नये.

थर्मासमधले चार दिवस

पहिली चाचणी स्वतःहून तापण्याची. त्यासाठी दोन लिटरचा, रुंद तोंडाचा, निर्वात भिंतीचा थर्मास लागतो. ओला केलेला माल त्यात भरायचा, पण ठोकून दाबायचा नाही. तापमापीचे टोक तळापासून साधारण ५ सें.मी. वर राहील असे खुपसायचे आणि तोंड उघडेच ठेवायचे, कारण आत हवा लागते. दुसरी तापमापी बाजूला, खोलीचे तापमान मोजायला. रोज दोन वेळा दोन्ही नोंदवायची आणि दोघांतला सर्वांत मोठा फरक धरायचा. खोलीचे तापमान दिवसभर वरखाली होत असेल तर थर्मास उन्हाच्या भिंतीपासून लांब ठेवावा, नाहीतर फरकच खोटा निघतो.

फरक १० अंशांच्या आत राहिला तर माल पिकलेला. १० ते २० मध्ये मुरवणीच्या टप्प्यात. २० ते ३० म्हणजे अजून जोमाने कुजणारा. त्याच्याही वर गेला तर कच्चाच. या लॉटचा फरक तिसऱ्या दिवशी २८ अंशांवर गेला. तुलनेसाठी त्याच मालाचा न भिजवलेला भाग दुसऱ्या थर्मासमध्ये ठेवला होता. त्यात फरक जेमतेम ३ अंश. माल एकच, पण वाळका ठेवला तर पहिल्या वर्गात पास.

अळिवाची साक्ष

दुसरी चाचणी बियांची, आणि तिला लागणारे बी स्वयंपाकघरातले आहे. अळीव लवकर रुजते आणि अमोनिया, सेंद्रिय आम्ले यांना चटकन दाद देते, म्हणून या चाचणीसाठी तेच सर्वाधिक वापरले जाते. कोरड्या वजनाने १० ग्रॅम भरेल इतका ओला माल घेऊन, त्यातले पाणी धरून एकूण १०० मि.ली. ऊर्ध्वपातित पाण्यात तासभर हलवायचा आणि गाळायचा. बशीत गाळणकागद ठेवून त्यावर ५ मि.ली. गाळलेले पाणी आणि २० बिया. दुसऱ्या बशीत नुसते ऊर्ध्वपातित पाणी. २५ अंशांना, अंधारात, ४८ तास. मग रुजलेल्या बिया मोजायच्या आणि मुळांची लांबी मि.मी. मध्ये मोजायची. प्रत्येकी तीन बश्या तरी हव्यात. एका बशीवर निर्णय घेऊ नये.

साध्या पाण्यात २० पैकी १९ बिया रुजल्या, मुळे सरासरी ३२ मि.मी. कंपोस्टच्या पाण्यात १५ रुजल्या, मुळे १८ मि.मी. १५ गुणिले १८ ला १९ गुणिले ३२ ने भागले की बियांचा निर्देशांक मिळतो, इथे तो ४४ टक्के. ८० च्या वर असेल तर माल पिकांना सुरक्षित धरतात. ५० च्या खाली म्हणजे उघड विषारी.

इथे एक शंका घ्यायलाच हवी. वाहकता ३.२ आहे, मग मुळे क्षारांनी तर आखडली नाहीत ना? क्षार असतील तर मुरवून काही उपयोग नाही, ते कमी होणार नाहीत. यासाठी तिसरी बशी ठेवली: कंपोस्टच्या गाळाइतकीच वाहकता येईल एवढे पोटॅशियम क्लोराइड पाण्यात विरघळवून त्यात अळीव घातले. तिथे १८ बिया रुजल्या, मुळे २९ मि.मी., निर्देशांक ८६. क्षारांचा दोष थोडा, मुख्य दोषी दुसराच. मुळांची टोकेही तेच सांगत होती. कंपोस्टच्या बशीत ती तपकिरी, बोथट आणि केसाळ मुळांशिवाय होती; क्षारांच्या बशीत आखूड पण पांढरी.

दोषी कोण, ते अमोनियाच्या मोजणीने कळले. अमोनियम नत्र १,१४० मि.ग्रॅ. प्रति किलो, नायट्रेट नत्र फक्त १६०. गुणोत्तर ७. पिकलेल्या मालात नायट्रेट जास्त हवे. अमोनियम त्याच्या तिपटीच्या वर गेले तर माल कच्चा. अमोनियमचे नायट्रेट करणारे जिवाणू ढिगाच्या तापलेल्या अवस्थेत टिकत नाहीत, ते शेवटच्या थंड मुरवणीत वाढतात. या लॉटला ती मुरवणी मिळालीच नव्हती. आता सामू ८.१ का होता तेही उलगडते. सामू जितका वर, तितका अमोनियमचा जास्त भाग मोकळ्या अमोनियाच्या रूपात, आणि कोवळ्या मुळांना जाळतो तो हाच.

मग गुणोत्तर १२ कसे आले?

कर्ब-नत्र गुणोत्तर माल कुठे पोहोचला ते सांगते, पण तो कुठून निघाला ते माहीत असेल तरच. नेहमीची सुरुवात २५ ते ३० ची असते. तिथून निघालेला माल १२ वर आला तर बराच कुजला असे म्हणता येते. या लॉटमध्ये कोंबडी खत भरपूर आणि भुसा कमी, त्यामुळे सुरुवातच १८ च्या आसपास झाली होती. २० ची मर्यादा हा माल पहिल्या दिवशीच ओलांडून बसला होता. नत्र जास्त असलेल्या मिश्रणासाठी हा निकष चाळणीसारखा आहे, पण भोके फार मोठी असलेल्या.

शिवाय हा आकडा कसा काढला यावर तो बदलतो. याच लॉटचा नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेने आधी १०५ अंशांना वाळवला आणि मग नत्र मोजले. वाळवताना अमोनिया उडून गेला, नत्र १.६४ आले आणि गुणोत्तर १३.२. उडालेला ०.११ टक्का म्हणजे वर मोजलेले अमोनियमच, साधारण तेवढेच. तिसऱ्या एका अहवालात कर्ब कोरड्या वजनावर आणि नत्र ओल्या वजनावर धरले गेले: २१.६ भागिले १.३३, गुणोत्तर १६.२. माल तोच, आकडे तीन. कच्च्या मालाचे नत्र ओल्या नमुन्यावरच मोजून घ्यावे, आणि दोन्ही आकडे कोरड्या वजनावर आहेत का हे अहवालात लिहून मागावे. कर्ब जाळून काढत असतील तर आणखी एक काळजी: नमुन्यातले प्लास्टिकचे तुकडेही जळतात आणि सेंद्रिय पदार्थात मोजले जातात. ते आधी वेचून वेगळे वजन करावेत.

शिसे: ७८, १६४, ८३

जड धातूंचा पहिला अहवाल ७८ चा होता. त्याच दळलेल्या पिशवीतून आणखी दोन वेळा मोजले, तर १६४ आणि ८३ आले. एक आकडा मर्यादेच्या आत, एक बाहेर. प्रयोगशाळा चुकली असा पहिला संशय येतो, पण बहुतेक वेळा चूक तिथे नसते.

धातू मोजायला आम्लात विरघळवतात तो नमुना अर्धा ग्रॅम असतो. शिशाचा ०.२ मि.मी. व्यासाचा एक कण घेतला तर त्याचे वजन सुमारे ४७ मायक्रोग्रॅम भरते. अर्ध्या ग्रॅममध्ये तो एकटा पडला तर वाचन ९५ मि.ग्रॅ. प्रति किलोने वाढते. म्हणजे बारीक मीठाच्या दाण्यापेक्षाही लहान कणाने ७० चे १६५ होऊ शकतात. झाळणीचा तुकडा, जुन्या रंगाचा पोपडा, बॅटरीचा चुरा यांपैकी काहीही पुरते. म्हणून नमुना अर्धा मि.मी. पेक्षा बारीक दळावा, संपूर्ण दळावा, न दळलेला जाडाभरडा भाग फेकू नये, आणि किमान तीन वेळा मोजावा. तिन्ही आकडे जवळ आणि सगळेच जास्त असतील तर अख्खा माल दूषित. एखादाच उडी मारत असेल तर कण आहेत, आणि ते लॉटच्या कुठल्या भागात आहेत ते शोधायचे.

दळण्याच्या यंत्राकडेही बघावे. स्टेनलेस स्टीलच्या गिरणीत क्रोमियम आणि निकेल नमुन्यात झिजून येते. क्रोमियमची मर्यादा ५० आहे, तिथे दोन-तीन मि.ग्रॅ. सुद्धा महाग पडतात. नमुना गोळा करायला जस्ताचा मुलामा दिलेली बादली वापरली तर जस्त वाढते. प्लास्टिकची बादली आणि प्लास्टिकचे खोरे पुरे. पाऱ्यासाठीचा भाग १०५ अंशांना वाळवू नये, पारा उडतो, ४० अंशांपर्यंतच. आणि अहवालात पाऱ्यापुढे “०.५ पेक्षा कमी” असे छापून आले तर तो आकडा निरुपयोगी आहे, कारण मर्यादाच ०.१५ आहे. उपकरणाची मोजण्याची खालची सीमा मर्यादेच्या बरीच खाली आहे ना, हे नमुना देतानाच विचारावे.

मग ढिगाची चार भागांत विभागणी केली, प्रत्येकी अंदाजे १० टन. प्रत्येक भागात आडवा छेद देऊन, पृष्ठभागाचा थर बाजूला सारून, ३० ते ६० सें.मी. आतून २० ठिकाणांहून सुमारे एकेक किलो माल घेतला. स्वच्छ ताडपत्रीवर शंकू करून चार वाटे, समोरासमोरचे दोन टाकून पुन्हा शंकू, असे करत दोन किलोंवर आणले. एक किलो ओलाच, थंड डब्यात, पक्वतेसाठी. एक किलो धातूंसाठी. तीन-तीन मोजण्यांची सरासरी अशी: पहिला भाग ६८, दुसरा ७२, तिसरा १२८, चौथा ७०. तिसऱ्या भागात जस्तही बाकीच्यांच्या दीडपट होते. ढीग लावतानाच्या नोंदीत रस्त्याची झाडलोट याच टोकाला पडल्याचे सापडले. रस्त्याच्या धुळीत टायरचे जस्त आणि जुने शिसे दोन्ही असते, त्यामुळे जोडी जुळली.

तिसरा भाग बाकी तीन भागांत मिसळून टाकला तर सरासरी साडेचौऱ्याऐंशी येते, मर्यादेच्या आत. हा मोह प्रत्येकाला होतो. पण कण मिसळत नाहीत, फक्त पसरतात. चाळीस टनांची सरासरी चांगली असली तरी कुठल्या पोत्याचा नमुना निरीक्षक घेईल आणि त्यात काय निघेल हे कुणाच्या हातात नाही. शिवाय पुढची मुरवणी अजून बाकी होती, आणि तिचा हिशेब इथेच करावा लागतो.

मुरवणीत सेंद्रिय भाग जळून वायू होतो, धातू मात्र तितकाच राहतो. मागे कमी वजन उरते, म्हणून प्रति किलो धातू वाढतो. या मालात सेंद्रिय पदार्थ ४२ टक्के, म्हणजे राख ५८. मुरल्यावर सेंद्रिय पदार्थ ३६ वर येईल असे धरले तर राख ६४. आजच्या आकड्याला ६४ भागिले ५८ ने, म्हणजे १.१ ने गुणायचे. ७२ चे ७९ होतात, चालते. मिसळलेल्या लॉटच्या ८४.५ चे ९३ होतात, आणि तेही सरासरीने. त्यावर मोजणीतली वरखाली धरली की शंभर पार. तिसऱ्या भागाचे १४१. म्हणून तो वेगळा काढला, शेतीसाठी विकायचा नाही असा फलक लावून. कच्च्या मालावर धातू तपासून “पास” म्हणणारे हा गुणाकार विसरतात.

पुन्हा ओले, पुन्हा थंड

उरले ३० टन. २४ टक्के ओलाव्याने त्यात कोरडा भाग २२.८ टन. ५० टक्क्यांवर न्यायला १५,६०० लिटर पाणी लागते. वाळलेले कंपोस्ट सुरुवातीला पाणी झिडकारते, एकदम ओतले तर ते बाजूने वाहून जाते आणि नायट्रेट घेऊन जाते. त्यामुळे चार दिवसांत चार हप्ते, दर वेळी माल पलटत. ढिगाची उंची दीड मीटर, वर पिकलेल्या जुन्या कंपोस्टचा ५ ते १० सें.मी. थर, कारण तो निघणारा अमोनिया बराचसा धरून ठेवतो. अमोनिया जास्त आहे म्हणून या टप्प्यावर ताजा भुसा घालण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकला नाही, कारण भुसा घातला की घड्याळ पुन्हा शून्यावर जाते.

चौथ्या दिवशी ढीग ५८ अंशांवर गेला. पहिल्या साठ दिवसांत जे राहून गेले होते, ते काम हे होते. पहिले तीन आठवडे दर आठवड्याला पलटी, नंतर तीन आठवडे हात न लावता, फक्त ओलावा ४५ टक्क्यांच्या खाली जाऊ न देता. नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना ही शांतता लागते.

सहा आठवड्यांनंतरचे आकडे: भिजवून थर्मासमधला फरक ७ अंश, अळिवाचा निर्देशांक ९१, अमोनियम ९५, नायट्रेट ७८०, सामू ७.४. शिसे ७७. वाहकता ३.५, कारण क्षारही धातूंसारखेच आटतात, सुरुवातीला ३.७ असती तर इथे अडचण झाली असती. कर्ब १८.५, नत्र १.६८. वजन घटल्यामुळे नत्राची टक्केवारी वाढायला हवी होती, ती घटली, म्हणजे सुमारे आठव्या हिश्शाइतके नत्र हवेत गेले. सुरुवातीच्या मिश्रणात भुसा कमी टाकल्याची ती किंमत.

आणि कर्ब-नत्र गुणोत्तर १२.३ वरून ११ वर आले. एवढेच. बियांचा निर्देशांक दुपटीहून वर गेला, अमोनियम बाराव्या हिश्शावर आले, आणि ज्या आकड्यावर हा लॉट पहिल्यांदा पास होणार होता तो जागचा हललाही नाही म्हणावे इतका.

माल आता २४ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून पोत्यांत भरला, तोही चाचण्या झाल्यावर. पोती शिवल्यानंतर आठवड्याने, थप्पीच्या मधल्या पोत्यात तापमापी खुपसून पाहिली. बाहेर ३१, आत ३२.